ओळ कुठे मोडायची?



सप्ताह जवळ आला की गावोगावची भजनी मंडळं आपली पुस्तिका छापायला काढतात. मजकूर येतो तो बहुतेक व्हॉट्सॲपवरून. कुणी पीडीएफमधून उचललेला, कुणी जुन्या वहीवरून फोनवर टंकलेला. शब्द सगळे जागेवर असतात, पण ओळी कुठेही तुटलेल्या, आणि कडव्यांमध्ये मोकळी जागा कुठे आहे, कुठे नाही. असा मजकूर नीट कडव्यांत कसा बसवायचा, एवढ्याच गोष्टीविषयी आज बोलणार आहे. उदाहरण घेतो अभंगाचं, कारण अभंगाची घडण अशी आहे की दुरुस्तीचा पुरावा मजकुरातच सापडतो.

ओळी मुळात तुटतात कशा? पीडीएफ फाइलला पानावर कुठलं अक्षर कुठे बसलंय तेवढं माहीत असतं. कवितेची ओळ कुठे संपली आणि कागदाची रुंदी कुठे संपली, हा फरक तिला कळत नाही. त्यामुळे तिच्यातून मजकूर उचलला की छापील पट्टी जिथे संपली तिथे एंटर येऊन बसतो. फोनवर टंकणारा माणूसही पुष्कळदा पडद्याची कड आली की एंटर दाबतो. ओळ तिथेच संपली असं त्याला वाटतं.

आता एक नमुना वाचतो. हा मी या भाषणापुरता जुळवलेला आहे, त्यात काव्य शोधू नका. मी थांबेन तिथे ओळ तुटली आहे असं समजा.

पहाटेची वेळ वारा थोडा
गार उघडले दार

देवळाचे ओसरीत कोणी
झाडितसे

धूळ पिंपळाचे मूळ पार फोडी टाळ
घेऊनिया म्हातारे ते आले
अंगणही झाले भजनाचे

यातली एकही मोकळी जागा विश्वासाची नाही. म्हणून पहिलं काम असं की मूळ मजकुराची एक प्रत न बदलता बाजूला ठेवायची, आणि दुसऱ्या प्रतीतल्या सगळ्या एंटरच्या जागी एकेक स्पेस घालून मजकूर सलग करायचा. जुन्या पोथ्या अशा सलगच लिहिलेल्या असत, आणि चरण कुठे संपला ते दंड सांगत. तुमच्या मजकुरात एक दंड, दोन दंड आणि कडव्याचे आकडे शाबूत असतील तर निम्मं काम झालंच म्हणून समजा. दुर्दैवाने पाठवणारे पुष्कळदा तेच ‘कचरा’ म्हणून आधी पुसतात. काही जण दंडाऐवजी कीबोर्डवरची उभी रेघ टंकतात. ती मात्र पुसू नका, तिच्या जागी खरा दंड घाला.

आपल्या नमुन्यात दंड नाहीत. तेव्हा छंदाकडे जायचं. मोठ्या अभंगात एका कडव्याचे चार चरण असतात. पहिल्या तिन्हींत सहा-सहा अक्षरं आणि चौथ्यात चार. यमक असतं दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाच्या शेवटी, चौथा मोकळा. जोडाक्षर एकच मोजायचं. सलग मजकूर मोठ्याने वाचला की जोड्या कानाला लागतात: गार आणि दार, धूळ आणि मूळ, आले आणि झाले. तीन जोड्या, म्हणजे तीन कडवी. जोडीतल्या दुसऱ्या शब्दापुढे चार अक्षरं मोजायची आणि तिथे कडवं बंद करायचं. ‘दार’नंतर ‘देवळाचे’, चार अक्षरं, पहिलं कडवं पुरं. ‘मूळ’नंतर ‘पार फोडी’, दुसरं पुरं. ‘झाले’नंतर ‘भजनाचे’, तिसरं.

पहिले दोन चरण एका ओळीत आणि पुढचे दोन दुसऱ्या ओळीत, अशा नेहमीच्या छापील पद्धतीने ते असं दिसेल:

पहाटेची वेळ । वारा थोडा गार ।
उघडले दार । देवळाचे ॥१॥

ओसरीत कोणी । झाडितसे धूळ ।
पिंपळाचे मूळ । पार फोडी ॥२॥

टाळ घेऊनिया । म्हातारे ते आले ।
अंगणही झाले । भजनाचे ॥३॥

इथे सर्रास होणारी एक गफलत सांगतो. यमक दिसलं की माणसाचा हात तिथेच कडवं संपवायला धावतो. ‘दार’वर कडवं संपवलं की ‘देवळाचे’ हा शब्द खालच्या कडव्याच्या डोक्यावर जाऊन बसतो, आणि वाचायला होतं ‘देवळाचे ओसरीत कोणी’. आता पुढचा शहाणा मुद्रितशोधक ते बघतो, व्याकरण खटकतं, आणि तो तिथे ‘देवळाच्या ओसरीत’ असं करून मोकळा होतो. एक ओळ चुकीच्या जागी मोडली आणि त्यापायी शब्द बदलला. पुढच्या वर्षीच्या पुस्तिकेत तोच बदललेला शब्द छापला जातो, आणि मग मूळ काय होतं यावर मंडळात दोन तट पडतात. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी ओळी बसवा, मगच शुद्धलेखनाला हात घाला.

कडवी पडली की प्रत्येकाची अक्षरं मोजून बघायची. बावीस यायला हवीत. समजा तिसऱ्या कडव्यातला ‘ते’ टंकताना गळला, तर एकवीस भरतील आणि कुठे बघायचं ते कळेल. पण इथे जरा सबुरी हवी. संतांच्या रचनेत सहाच्या जागी पाच किंवा सात अक्षरं सहज येतात, म्हणताना ती लांबवली किंवा आखडली जातात. आकडा जुळला नाही म्हणून पदरचा शब्द घालायचा नाही. आकडा फक्त सांगतो की छापील गाथा उघडून इथे एकदा बघ.

ध्रुवपदाचंही तसंच. ‘॥ध्रु॥’ ही खूण कधी पहिल्या कडव्यानंतर येते, कधी दुसऱ्यानंतर. सलग मजकुरात ती सापडली तर तिला धक्का लावू नका. ध्रुवपद प्रत्येक कडव्यानंतर पुन्हा छापायचं की नाही हे एकदा ठरवा आणि सगळ्या पुस्तिकेत तसंच ठेवा.

आता टंकलेखनाकडे येतो. वर्डमध्ये एंटर दाबला की नवा परिच्छेद सुरू होतो. शिफ्ट धरून एंटर दाबला की परिच्छेद तोच राहतो, फक्त ओळ बदलते. कवितेसाठी सरळ नियम असा करावा: कडवं म्हणजे एक परिच्छेद, आणि त्यातल्या ओळी शिफ्ट-एंटरने मोडलेल्या. वरच्या पट्टीतलं `¶` चिन्हाचं बटण दाबलं की दोन्ही प्रकार वेगळे दिसतात. एंटरच्या जागी तेच चिन्ह येतं, शिफ्ट-एंटरच्या जागी वळलेला बाण.

कडव्यांमधली जागा रिकामी ओळ टाकून करू नका. परिच्छेदानंतर बारा पॉइंट जागा अशी एकदाच ठरवून द्या. रिकामी ओळ कुठे एक पडते, कुठे दोन, आणि नेमकी पानाच्या माथ्यावर आली की ते पान इतरांपेक्षा खाली सरकलेलं दिसतं. कडवं हा एक परिच्छेद असला की ते दोन पानांवर फुटू नये अशी सूचनाही वर्डला देता येते. आणि मजकूर डावीकडे जुळवलेला ठेवा. दोन्ही कडा सारख्या करण्याचं बटण दाबलं तर शिफ्ट-एंटरने मोडलेली छोटी ओळ पार उजव्या कडेपर्यंत ताणली जाते. ‘पहाटेची’ एका टोकाला आणि ‘गार’ दुसऱ्या टोकाला दिसलं की कारण हेच समजा.

कधी उलटा प्रकार होतो. ओळी बरोबर असतात, पण प्रत्येक ओळीखाली एक रिकामी ओळ आणि कडव्याखाली दोन. तेव्हा सलग करण्याची गरज नाही. वर्डच्या शोधा-आणि-बदला खिडकीत तीन फेऱ्या करायच्या. तिथे `^p` म्हणजे एंटर आणि `^l` म्हणजे शिफ्ट-एंटर.

```
^p^p^p  →  @@
^p^p    →  ^l
@@      →  ^p
```

मोठी जागा आधी खुणेने राखून ठेवायची, मग छोटी बदलायची. हा क्रम उलटला तर प्रत्येक कडव्याच्या शेवटी एक नको असलेला शिफ्ट-एंटर उरतो. त्याआधी रिकाम्या दिसणाऱ्या ओळींत स्पेस लपलेली नाही ना ते `¶` लावून बघा. ती असेल तर तीन एंटर सलग सापडतच नाहीत आणि बदल काही जागी होतो, काही जागी नाही.

मराठीपुरता आणखी एक खड्डा आहे. न दिसणारी चिन्हं झाडून काढणारी साधनं मिळतात. काही कीबोर्ड ‘दऱ्या’मधला तो आडवा र न दिसणाऱ्या जोडचिन्हाच्या आधारावर लिहितात. सरसकट सफाई केली की ते चिन्ह जातं, आणि डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्राचा दर्या होतो. छंदाची अक्षरं तेवढीच राहतात, त्यामुळे मोजणीत ही चूक पकडली जात नाही. सफाईनंतर ‘र्य’ आणि ‘र्ह’ ही जोडाक्षरं शोधून प्रत्येक जागा डोळ्यांनी तपासावी.

हे सगळं छंदाच्या जोरावर झालं. मुक्तछंदाला यातलं काही लागू नाही. तिथे कवी एका शब्दावर ओळ मोडतो आणि पुढची पानभर लांब नेतो, त्याला बाहेरून पुरावा नाही. अर्थ बघून ओळी पाडू नका. वाक्य जिथे संपतं तिथे ओळ संपवली की कविता हमखास गुळगुळीत होते आणि चुकते. कवी हयात असेल तर त्याला विचारावं, नसेल तर संग्रहाची छापील प्रत समोर ठेवावी.

त्या प्रतीतही एक जागा फसवी असते, पानाचा तळ. कविता एका पानावरून दुसऱ्या पानावर गेली आणि तळाची ओळ पूर्णविरामावर संपली, तर तिथे कडवं संपलं की फक्त पान संपलं, हे त्या प्रतीवरून कळत नाही. अशा वेळी दुसरी आवृत्ती शोधावी, किंवा ज्या मासिकात ती कविता आधी आली असेल तो अंक काढावा. तिथे पान बहुधा वेगळ्या ओळीवर तुटलेलं असतं.