एकादशीचा फराळ आणि बारशीचं पोट



दशमीपर्यंत भाकरी-भाजी खाणारं आपलं पोट एकादशीला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आन् तळलेल्या वेफर्सवर येतं. मग बारस सोडायच्या दिवशी पोट गच्च, शौचाला जोर करावा लागतो. कारण साधं आहे. साबुदाणा कंदाच्या निव्वळ सत्त्वाचा करतात, चोथा त्यात राहत नाही. बटाट्याची सालही आपण काढतो. चोथा नाही, वर चालून घाम जातो आन् पाणी कमी पडतं, म्हणून मळ खड्यासारखा होतो.

तवा दिंडीत असं करावं. सकाळी रताळं धुऊन सालासकट उकडावं. दुपारी भगर, दाण्याची आमटी आन् काकडीची कोशिंबीर. सांजच्याला राजगिऱ्याची भाकरी, ताक, एखादा पेरू. दर विसाव्याला तांब्याभर पाणी प्यावं. खिचडी हवीच असेल तर निम्मी घ्यावी, निम्म्या ताटात काकडी असावी.

मात्र पोट फुगलं, वारा सरेना, उलटी झाली किंवा शौचातून रक्त पडलं, तर जुलाबाची गोळी घेऊ नये. सरळ डॉक्टरला दाखवावं.

राम कृष्ण हरी!