सहीपूर्वीचा गोषवारा
(पिंगळी येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



करार सहीसाठी पाठविताना त्याच्यासोबत साध्या मराठीतील एक पानाचा गोषवारा कसा जोडावा, एवढाच विषय आज आम्ही आपणांपुढे मांडणार आहोत.

न वाचता सही करण्याचे फळ महाराष्ट्राने एकदा भोगले आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली आणि कर्जरोखे जाळले. हा दंगा पुढे नगर जिल्ह्यातही पसरला. रोख्यात काय लिहिले आहे हे निरक्षर कुळास ठाऊक नसे. त्याचा अंगठा मात्र त्याखाली असे. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर व नगर या जिल्ह्यांत ग्रामनिबंधक नेमण्याची तरतूद केली. शेतकऱ्याचा दस्तऐवज त्याच्या देखरेखीखाली लिहिला जावा व सहीपूर्वी वाचून दाखविला जावा, हा तीमागचा हेतू होता. तेच काम आज आपला गोषवारा करू शकतो.

उदाहरणार्थ, आपल्या भागातील सोयाबीन बीजोत्पादनाचा करार घेऊ. बियाणे देणारी संस्था पंधरा पानांचा मसुदा शेतकऱ्याकडे पाठविते. समजा त्याच्या सातव्या कलमात असे आहे : “तपासणीचा अहवाल मिळाल्यापासून ४५ दिवसांत रक्कम अदा केली जाईल.” गोषवारा लिहिणारा घाईने लिहितो, “रक्कम ४५ दिवसांत मिळेल.” हे वाक्य खोटे नाही, पण ते घातक आहे. शेतकऱ्याने २० ऑक्टोबरला माल घातला तर तो ४ डिसेंबरला पैशाची वाट पाहील. अहवाल २५ नोव्हेंबरला आला, तर कराराप्रमाणे खरी मुदत ९ जानेवारीची. मधल्या छत्तीस दिवसांत मुलीच्या लग्नाचा किंवा बँकेच्या हप्त्याचा दिवस उलटून गेला, तर त्याची भरपाई कोणी करावी? म्हणून मुदत लिहिताना किती दिवस, कोणत्या घटनेपासून आणि ती घटना कोणाच्या हाती, या तिन्ही गोष्टी लिहाव्यात. अहवालास विलंब झाला तर काय, याविषयी करार मौन असेल, तर “याविषयी कलम नाही” असेही स्पष्ट लिहावे.

दुसरी गोष्ट जबाबदाऱ्यांची. गोषवाऱ्यात “शेतकरी निगा राखील” असे लिहिणे व्यर्थ आहे. “अन्य वाणाच्या सोयाबीनपासून ३ मीटर अंतर ठेवणे, भेसळीची झाडे फुलोऱ्यापूर्वी उपटणे, माल १२ टक्क्यांपेक्षा अधिक ओला नसावा, उगवणशक्ती किमान ७० टक्के असावी” असे करारात असेल तसेच लिहावे. त्यापुढे “हे न झाल्यास” असा रकाना करावा : माल नापास झाल्यास तो कोण परत नेणार, गाडीभाडे कोण देणार. वाद बहुधा याच रकान्यात उद्भवतो, आणि घाईने लिहिलेल्या गोषवाऱ्यात नेमका हाच रकाना नसतो.

तिसरी गोष्ट पडताळ्याची. गोषवाऱ्यातील प्रत्येक ओळीपुढे मूळ कलमाचा क्रमांक असावा. मग करारातील प्रत्येक आकडा, तारीख आणि “पासून” व “पर्यंत” हे शब्द पेन्सिलीने खुणावून ते गोषवाऱ्यात उतरले आहेत की नाहीत ते पाहावे. खूण केलेले एखादे कलम गोषवाऱ्यात सापडले नाही, तर ते अनवधानाने राहिले की हेतुतः गाळले, हे विचारावे. मसुद्यात दुरुस्ती झाली की गोषवाराही बदलावा, व दोहोंवर मसुद्याची तारीख घालावी. नाहीतर जुना गोषवारा नव्या कराराला चिकटून राहतो.

या कागदाची मर्यादाही ध्यानी असू द्यावी. सही होते ती करारावर, गोषवाऱ्यावर नव्हे. १८७२ च्या करार कायद्यानुसार चुकीच्या निवेदनाने मिळालेली संमती रद्द करता येते खरी. परंतु साधारण दक्षतेने सत्य कळण्यासारखे होते, तेथे निरागस चुकीचा हा आधार सुटतो. मूळ करार हाती असून वाचला नाही, असे म्हणणाऱ्याची बाजू म्हणूनच लंगडी पडते. लेखी कराराच्या अटींविरुद्ध तोंडी पुरावाही न्यायालय सामान्यतः घेत नाही. सबब “गोषवारा केवळ समजुतीसाठी, फरक आढळल्यास करार प्रमाण” हे वाक्य पाठविणाऱ्याने लिहावे, आणि ते वाचणाऱ्याने मूळ करार उघडावा.

शेवटी पाठविण्याची रीत. सहीच्या दिवशीच कागद हाती देऊ नयेत. निदान आठवडा आधी द्यावेत. सोबतच्या पत्रात सही कोठे करावयाची, कोणत्या तारखेपर्यंत व शंका कोणाकडे विचारावयाची, हे असावे. ज्यास वाचता येत नाही, त्यास वाचून दाखवून “आता आपल्या शब्दांत सांगा, पैसे कधी मिळणार?” असे विचारावे. त्याने “माल घातल्यापासून” असे उत्तर दिले, तर कागद अजून सहीस योग्य झालेला नाही, असे समजावे.