भिंत आधी सरकते



 या परिषदेतला आजचा वेळ मी एकाच विषयाला देणार आहे. मातीला आधार देणारी आरसीसी कॅन्टिलिव्हर भिंत आपण जवळजवळ रोज काढतो. तिच्या पुढच्या मातीवर किती भरवसा ठेवायचा, याविषयी मला बोलायचे आहे.

मातीच्या दाबाचे गणित जुने आहे. फ्रेंच लष्करी अभियंता कुलोंब याने ते 1776 मध्ये मांडले, आणि 1857 मध्ये रँकिनने त्याला आज आपण वापरतो ते सोपे रूप दिले. भिंत मातीपासून किंचित दूर झाली की मागची माती सैल होऊन तिच्यावर रेलते. हा सक्रिय दाब. भिंत मातीत घुसू लागली की पुढची माती आवळली जाऊन विरोध करते. हा निष्क्रिय दाब. अंतर्घर्षणाचा कोन 30 अंश असलेल्या मुरमासाठी सक्रिय गुणांक एक तृतीयांश येतो आणि निष्क्रिय गुणांक 3. म्हणजे तीच माती, त्याच खोलीवर, पुढच्या बाजूला नऊपट ताकदीची दिसते. मोह इथेच सुरू होतो.

एक साधी भिंत घेऊ. तळापासून माथ्यापर्यंत 5 मीटर उंच. बेस स्लॅब 3 मीटर रुंद आणि अर्धा मीटर जाड. त्यात टो 0.8 मीटर, स्टेम 0.4 मीटर आणि हील 1.8 मीटर. मागे सपाट, निचरा होणारा मुरूम, वजन घनमीटरला 18 किलोन्यूटन. भिंतीच्या एका मीटर लांबीवर सक्रिय दाबाचे बल येते 75 किलोन्यूटन. ते तळापासून एक तृतीयांश उंचीवर लागते, म्हणून टोभोवती उलटवणारा मोमेंट 125 किलोन्यूटन-मीटर.

आता भिंतीच्या बाजूने काय आहे ते पाहू. स्टेमचे वजन 45, बेस स्लॅबचे 37.5 आणि हीलवर बसलेल्या मुरमाचे जवळपास 146 किलोन्यूटन. एकूण 228. यातले जवळजवळ दोन तृतीयांश वजन काँक्रीटचे नसून मातीचे आहे. या सगळ्यांचा टोभोवतीचा सावरणारा मोमेंट येतो 407. आयएस 456 सांगते त्याप्रमाणे त्याचा नऊ दशांश भागच धरला, तरी उलटण्याविरुद्धचे प्रमाण 2.9 येते. 1.4 च्या मर्यादेपेक्षा हे दुपटीहून अधिक आहे. पुष्कळदा हा आकडा पाहून डिझायनर समाधानाने पान उलटतो.

पुढच्या पानावर घसरणीची तपासणी असते. तळाचा घर्षण गुणांक 0.5 धरू. वजनाचा नऊ दशांश भाग गुणिले 0.5, म्हणजे 102.7 किलोन्यूटन विरोध. त्याला 75 ने भागले की येते 1.37. हवे 1.4. जी भिंत उलटण्यात इतकी भक्कम ठरली, तीच सरकण्यात नापास होते. कारण उघड आहे. उलटण्याच्या हिशेबात वजनाला तरफेचा हात मिळतो. घसरणीत मिळत नाही. तिथे फक्त वजन आणि घर्षण.

हा नापास आकडा पाहिला की पुढची माती आठवते. टोच्या बाजूला मीटरभर भराव आहे. त्याचा निष्क्रिय विरोध 27 किलोन्यूटन. तो मिळवला की प्रमाण 1.37 वरून 1.73 वर जाते आणि डिझाइन पास होते. माझा आक्षेप या मिळवणीला आहे, आणि त्याची कारणे दोन.

पहिले कारण हालचालीचे. तेर्झागीने 1930 च्या दशकात मोठ्या भिंतीवर प्रयोग करून दाखवले की दाब हालचालीवर अवलंबून असतो. घट्ट मुरमात पूर्ण सक्रिय स्थितीसाठी उंचीच्या हजाराव्या भागाएवढे सरकणे पुरते. आपल्या भिंतीसाठी ते 5 मिलिमीटर. पुढची मीटरभर माती पूर्ण ताकदीने उभी राहायला मात्र 10 ते 40 मिलिमीटर लागतात. म्हणजे ज्या हालचालीपासून भिंत वाचवायची, तीच आधी होऊ द्यायची. हा विरोध धरायचाच असेल तर निम्म्याहून अधिक धरू नये.

दुसरे कारण रस्त्यावर दिसते. भिंतीच्या पायथ्याशीच गटार खणतात, तिथेच केबलचा चर जातो, तिथेच पाण्याची लाइन पडते. निष्क्रिय बल खोलीच्या वर्गावर चालते. पुढची निम्मी माती काढली की 27 चे पावणेसात उरतात. ज्याने चर खणला, त्याला आपल्या हिशेबाची कल्पना नसते.

मग उपाय काय? पुष्कळ जण टो वाढवतात. टो 20 सेंटिमीटर वाढवला तर फक्त अडीच किलोन्यूटन काँक्रीट वाढते आणि प्रमाण 1.385 वर अडते. तेच 20 सेंटिमीटर हीलला द्या. आता हीलवर साडेचार मीटर उंचीचा जादा मुरूम बसतो, वजन 247 होते आणि प्रमाण 1.48. पुढच्या मातीचा एक कणही न धरता भिंत पास. मागे खोदाईला जागा नसेल तर बेसखाली की द्यावी. मात्र मागचा सक्रिय दाबही कीच्या तळापर्यंत मोजावा.

या सगळ्या हिशेबात एक गृहीत आहे: मागचा मुरूम कोरडा आहे. ही सुधारलेली भिंत घ्या आणि वीप होल बुजले असे समजा. मुरूम माथ्यापर्यंत पाण्याने भरला की मातीचा दाब 75 वरून सुमारे 42 वर येतो, पण एकट्या पाण्याचा दाब 125 होतो. एकूण 167, म्हणजे दुपटीहून जास्त. ओल्या मातीच्या वाढीव वजनासह सगळे वजन नऊ दशांश न करता पूर्ण धरले, तळाखालून उचलणारे पाणी सोडून दिले, तरी उलटण्याचे प्रमाण 1.8 राहते आणि घसरणीचे 0.8. भिंत उभीच्या उभी पुढे जाते. पुण्यात कोंढव्याला 29 जून 2019 रोजी आणि मालाडच्या पिंपरीपाड्यात 2 जुलैला भिंती पडून माणसे गेली. भिंतींचे प्रकार आणि कारणे वेगवेगळी असतील. पण दोन्ही वेळी मुसळधार पाऊस होता.

सरकणारी भिंत आधी खुणा देते. एक्स्पान्शन जॉइंटपाशी उभे राहून दोन पॅनलमधला फरक पाहा. तो खाली आणि वर सारखाच असेल तर भिंत सरकते आहे. वर जाताना वाढत असेल तर कलते आहे. मागे भिंतीला समांतर भेग, पुढे फुगलेली जमीन, आणि पावसात कोरडी ठणठणीत वीप होल, या तीन खुणा एकत्र दिसल्या तर खालची वस्ती त्याच दिवशी हलवावी.

या सभागृहातून मी तीन गोष्टी मागतो. घसरणीची तपासणी पुढची माती शून्य धरून आधी करा. काळी माती भरावात टाकू देऊ नका, आणि भिंतीमागचा फिल्टर थर व वीप होल नकाशावर मापासह दाखवा. आणि नकाशावर ठळक लिहा: ‘डिझायनरच्या लेखी परवानगीशिवाय पायथ्याशी खोदाई करू नये.’ ही ओळ लिहायला खर्च येत नाही. उद्यापासून आपल्या प्रत्येक नकाशावर ती असावी, एवढीच माझी विनंती आहे.