तिकिटावरचे तास आणि घरचं घड्याळ

आज हाताशी कागद-पेन्सिल घेऊन बसा, थोडा हिशेब करायचा आहे.

आमच्या गटातल्या एका काकूंची लेक जर्मनीत फ्रँकफर्टला असते. जानेवारीच्या शेवटी तिचं बाळंतपण होतं आणि काकू तिकडं जाणार होत्या. आयुष्यात पहिल्यांदा विमान, तेही एकटीनं, आणि काकूंना मधुमेह. डॉक्टरांची गोळी सकाळी आठ आणि रात्री आठ, अशी बारा तासांच्या अंतरानं. लेकीनं तिकिटाचा फोटो मोबाइलवर पाठवला. काकू तो घेऊन डॉक्टरांकडं गेल्या. डॉक्टरांनी विचारलं, "प्रवास किती तासांचा?" बरोबरच्या पुतणीनं फोटो बघितला, वजाबाकी केली आणि सांगितलं, "साडेआठ तासांचा." काकू खूश झाल्या. म्हणाल्या, मग औषधाची पिशवी मोठ्या बॅगेतच टाकते, पोचल्यावर घेईन गोळी.

संध्याकाळी तो फोटो माझ्याकडं आला, कारण गटाचं हिशेबाचं काम माझ्याकडं आहे. फोटोत असं होतं. BOM म्हणजे मुंबई, तिथून १२ जानेवारीला 04:05 ला निघणार. DOH म्हणजे कतार देशातलं दोहा, तिथं 05:15 ला पोचणार. तिथं विमान बदलायचं. दोह्याहून 08:10 ला निघून FRA, म्हणजे फ्रँकफर्टला 12:30 ला उतरणार.

पुतणीनं साडेबारातून चार वाजून पाच मिनिटं वजा केली, आले आठ तास पंचवीस मिनिटं. वजाबाकीत चूक नव्हती. पण मला खटकला तो पहिला टप्पा. मुंबईहून चार-पाचला निघून सव्वापाचला दोह्यात? एक तास दहा मिनिटांत? आपल्या एसटीला साताऱ्याहून पुण्याला जायलाही याहून जास्त वेळ लागतो. विमान वेगानं जातं हे खरं, पण समुद्र ओलांडून परदेश तासाभरात गाठता येत नाही. असं काही न पटणारं उत्तर आलं की समजायचं, दोन वेगळ्या घड्याळांची वजाबाकी झाली आहे.

तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या भिंतीवरच्या घड्याळाची छापतात. निघायची वेळ मुंबईची आणि पोचायची वेळ पोचण्याच्या गावची असते. सूर्य पूर्वेला आधी उगवतो. नागपूरला तो मुंबईच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी दिसतो, तरी आपण सगळ्या देशात एकच घड्याळ चालवतो. उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेघेवर ते बेतलेलं आहे. दोहा आपल्या पश्चिमेला आहे, म्हणून तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागं. फ्रँकफर्ट आणखी पश्चिमेला, तिथलं जानेवारीत साडेचार तास मागं. आपल्याकडं दुपारचे बारा वाजले की दोह्यात सकाळचे साडेनऊ आणि फ्रँकफर्टला साडेसात.

मग करायचं काय? वजाबाकीच्या आधी सगळ्या वेळा आपल्या घरच्या घड्याळात आणायच्या. कागदावर तीन रकाने पाडा. पहिल्यात गाव, दुसऱ्यात तिकिटावरची वेळ, तिसऱ्यात घरची वेळ. मुंबईचं काही बदलायचं नाही, पहाटे चार-पाच म्हणजे चार-पाचच. दोह्याच्या सव्वापाचात अडीच तास मिळवा, आपले पावणेआठ झाले. दोह्याहून निघायच्या आठ-दहात अडीच मिळवा, दहा वाजून चाळीस मिनिटं. फ्रँकफर्टच्या साडेबारात साडेचार मिळवा, आपले संध्याकाळचे पाच.

आता तिसरा रकाना वाचा. पहाटे चार-पाचला सुटल्या, संध्याकाळी पाचला उतरल्या. म्हणजे बारा तास पंचावन्न मिनिटं. इथं एक सांगते, ही वजाबाकी कॅल्क्युलेटरवर करू नका. तो सतरातून चार पॉइंट शून्य पाच वजा करून १२.९५ दाखवतो, कारण त्याला तास साठ मिनिटांचा आहे हे माहीत नाही. आपल्या हातानं साठ मिनिटं उसनी घ्यायची.

खातरी करायला टप्पे वेगळे मोजा. मुंबई ते दोहा तीन तास चाळीस मिनिटं. दोह्यात थांबणं दोन तास पंचावन्न, आणि हे मोजायला काही बदलावं लागत नाही, कारण दोन्ही वेळा दोह्याच्याच आहेत. दोहा ते फ्रँकफर्ट सहा तास वीस. बेरीज बारा तास पंचावन्न. दोन्ही वाटांनी उत्तर एकच आलं, की हिशेब जमला. पुष्कळ तिकिटांवर एकूण वेळ बारीक अक्षरात छापलेलीही असते, Duration या शब्दापुढं. काकूंच्या फोटोत तो भाग बोटाखाली झाकला होता.

आता डॉक्टरांचा प्रश्न. मी म्हटलं, काकू, हे तेरा तासही फक्त विमानाचे. पहाटे चार-पाचचं विमान, तीन तास आधी विमानतळावर हजर, म्हणजे रात्री एक वाजता. आपल्या गावातून मुंबईला जायला, वाटेत जेवायला थांबून, सहा-सात तास धरायचे. म्हणजे घर सोडायचं ते संध्याकाळी सहाला, आणि तेही अकरा तारखेला! तिकिटावर १२ जानेवारी आहे, पण पहाटेची वेळ आहे, म्हणून रात्र अकराची. काकू बाराच्या संध्याकाळी निघायची तयारी करत होत्या. तशा निघाल्या असत्या तर विमान जर्मनीत उतरून तास झालेला असता.

अकराच्या संध्याकाळी सहा ते बाराच्या संध्याकाळी पाच, हे झाले तेवीस तास. आम्ही तो कागद घेऊन पुन्हा डॉक्टरांकडं गेलो. तिसऱ्या रकान्यामुळं त्यांनाही लगेच कळलं. अकराच्या रात्री आठची गोळी मुंबईच्या वाटेवर. बाराच्या सकाळी आठची गोळी दोह्यात उतरल्यावर. तेव्हा तिथल्या भिंतीवर साडेपाच वाजलेले असतील, त्याकडं बघायचं नाही. बाराच्या रात्री आठची गोळी लेकीच्या घरी, तिथल्या दुपारी साडेतीनला. पुढं तिकडच्या घड्याळावर गोळी कशी सरकवायची आणि वाटेत खायचं काय, ते डॉक्टरांनी लिहून दिलं. ते त्यांचंच काम, प्रत्येकीच्या औषधाप्रमाणं वेगळं असतं. औषधाची पिशवी आणि डॉक्टरांची चिठ्ठी मोठ्या बॅगेतून निघून खांद्यावरच्या पिशवीत आली, कारण मोठी बॅग मुंबईला ताब्यात घेतात ती थेट फ्रँकफर्टलाच हातात येते. काकूंच्या मनगटावरचं घड्याळ मात्र आम्ही बदलू दिलं नाही. मोबाइल उतरल्या उतरल्या स्वतःहून तिकडची वेळ दाखवायला लागतो, मग गोळीचा हिशेब कशावर करणार?

परतीच्या तिकिटानं आणखी एक धडा दिला. नव्वद दिवसांच्या आत परतायचं, म्हणून तिकीट होतं ७ एप्रिलचं. फ्रँकफर्टहून 16:30 ला निघून दोह्यात 23:10, दोह्याहून 01:30 ला निघून मुंबई 07:30. पुतणी आता तयार झाली होती. फ्रँकफर्टच्या साडेचारात साडेचार तास मिळवून तिनं रात्रीचे नऊ काढले. नऊ ते सकाळचे साडेसात, साडेदहा तास. मग टप्पे मोजले. दोहा ते मुंबई साडेतीन तास, दोह्यात थांबणं दोन तास वीस, हे बरोबर आलं. पण फ्रँकफर्ट ते दोहा चार तास चाळीस मिनिटं? जाताना सहा-वीस लागले होते. येताना पश्चिमेकडून वारं पाठीशी असतं, त्यामुळं थोडा वेळ वाचतो, पण शंभर मिनिटं नाही.

फरक असा की युरोपात उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढं करतात. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत. म्हणजे एप्रिलमध्ये फ्रँकफर्ट आपल्यापेक्षा साडेतीन तासच मागं. तिकडच्या साडेचारला आपले आठ वाजलेले असतात. आठ ते साडेसात, साडेअकरा तास. पुतणीनं फरक बघितला होता मोबाइलच्या घड्याळात, जगातल्या शहरांच्या वेळा दाखवतात तिथं. तो मोबाइल आजचा फरक दाखवतो, प्रवासाच्या तारखेचा नाही. जानेवारीत बघितलं, म्हणून साडेचार दिसलं. आखाताकडं ही भानगड नाही. दुबई आणि मस्कत बारा महिने दीड तास मागं, दोहा, कुवेत, रियाध अडीच तास. आपल्यातल्या पुष्कळजणींची माणसं तिकडं आहेत, त्यांनी हे दोन आकडे लिहून ठेवावेत. आणि कुणी पूर्वेला, समजा सिंगापूरला गेलं, तर तिथलं घड्याळ आपल्यापुढं अडीच तास, तिथं मिळवायच्या जागी वजा करायचं.

परतीच्या फोटोत आणखी एक भानगड होती. उजवी कड कापली गेली होती. पोचायच्या वेळेच्या डोक्यावर बारीक +1 छापलेला असतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी. तो फोटोत आलाच नव्हता. काकूंच्या मुलानं फोटो बघून जीपवाल्याला सांगून ठेवलं, सात तारखेला सकाळी साडेसातला मुंबई विमानतळ. पण सातला दुपारी साडेचारला जी बाई फ्रँकफर्टहून निघणार, ती सातच्या सकाळी मुंबईत कशी उतरेल? पोचायची वेळ निघायच्या वेळेच्या आधीची दिसली की +1 कुठं हरवला ते शोधायचं. लेकीला आम्ही सांगितलं, फोटो काढून नको, तिकिटाची मूळ फाइलच पाठव, म्हणजे कडा कापल्या जात नाहीत आणि अक्षरही फुटत नाही. फाइल आली, त्यात +1 स्वच्छ होता.

जीपवाल्याला आठ तारीख सांगितली. वेळही साडेसात नव्हे, नऊची दिली, कारण साडेसातला विमान जमिनीला टेकतं. पुढं पासपोर्टची रांग आणि बॅग यायची वाट. काकू सव्वानऊला बाहेर आल्या, मनगटावर तेच घड्याळ होतं.