जामिनाची सही आणि सिबिल

समजा, रावेरच्या एका केळी बागायतदाराने धुळ्यातल्या मेहुण्याच्या ट्रॅक्टर कर्जाला जामीन म्हणून सही केली. मेहुण्याचे हप्ते थकले, की त्याची नोंद जामीनदाराच्या सिबिल अहवालातही दिसू शकते. मग स्वतःचं कर्ज वेळेवर फेडूनही त्याचा सिबिल स्कोअर घसरतो. हा आकडा ३०० ते ९०० असतो आणि बँका पाठवतात त्या नोंदींवरून बनतो. सर्वात जास्त वजन परतफेडीच्या वेळेला. म्हणून पिकाचे पैसे हाती येताच हप्त्याची रक्कम खात्यात वेगळी ठेवा. क्रेडिट कार्डाची मर्यादा पूर्ण वापरू नका. एकदम चार ठिकाणी कर्जासाठी अर्ज करू नका. आणि वर्षातून एकदा मोफत मिळणारा अहवाल मागवून जामिनाची कर्जंही तपासा.