चुकांची वही आणि तिची वर्गवारी

हिंदी मातृभाषा असलेली एखादी व्यक्ती शिक्षकाविना, स्वतःच्या बळावर मराठी शिकत असेल आणि आपल्या चुका एका वहीत टिपून ठेवत असेल, तर पहिल्या काही आठवड्यांत त्या वहीत जमणारी वाक्ये एकमेकांशी काहीच संबंध नसल्यासारखी दिसतात. ‘घरमध्ये कोणी नाही’, ‘रस्तेवर गर्दी आहे’, ‘मीने पत्र लिहिले’, ‘आवाज आली’, ‘भिंतावर चित्र आहे’ अशी ती वाक्ये असतात, आणि प्रत्येकासमोर शुद्ध रूप लिहून शिकणारा पुढे जातो. अशी वही कितीही वाढली तरी तीच चूक नव्या शब्दावर पुन्हा होत राहते, कारण ‘घरामध्ये’ हे रूप पाठ केल्याने ‘बाजारमध्ये’ ही चूक थांबत नाही. नोंदी उपयोगी पडायच्या असतील, तर त्यांची वर्गवारी चुकलेल्या शब्दावरून न करता, तो शब्द उच्चारताना शिकणाऱ्याने मनातल्या मनात कोणता नियम लावला, त्यावरून करावी लागते.

त्यासाठी नोंद मुळात पुरेशी भरीव असली पाहिजे. चुकलेला शब्द एकटा न लिहिता संपूर्ण वाक्य लिहावे, त्याखाली जाणकाराने सुचवलेले रूप लिहावे, आणि तिसऱ्या ओळीत ‘असे का म्हटले’ याचे शिकणाऱ्याला त्या क्षणी सुचलेले उत्तर लिहावे. वर्गवारीच्या वेळी बहुतेकदा ही तिसरी ओळच सर्वांत मोलाची ठरते. सुमारे 40 नोंदी झाल्यावर पहिली चाळणी लावता येते. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ एस. पिट कॉर्डर यांनी 1967 मध्ये शिकणाऱ्याच्या चुकांविषयी लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात दोन प्रकार वेगळे केले होते: घाईने, थकव्याने किंवा विस्मरणाने होणारी चूक, आणि शिकणाऱ्याच्या मनात त्या वेळी असलेल्या नियमातूनच निघणारी चूक. पहिल्या प्रकाराला येथे ‘निसटती चूक’ आणि दुसऱ्याला ‘नियमबद्ध चूक’ म्हणता येईल. दोन्ही ओळखण्याचा साधा मार्ग असा, की काही दिवसांनी शुद्ध रूप झाकून जुनी वाक्ये पुन्हा वाचावीत. जी चूक कोणाच्या मदतीविना लक्षात येते आणि सुधारता येते, ती निसटती समजून बाजूला ठेवावी, कारण तिच्यामागचा नियम शिकणाऱ्याला आधीच ठाऊक असतो.

उरलेल्या नोंदींत खरे काम सुरू होते. ‘घरमध्ये’ आणि ‘रस्तेवर’ या दोन चुका वरवर पाहता परस्परविरुद्ध आहेत. पहिलीत नाम बदलायला हवे होते तेथे बदललेले नाही, तर दुसरीत ते बदलले आहे, परंतु भलत्याच रीतीने. मराठीत नामाला विभक्तीचा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय जोडण्यापूर्वी नामाच्या रूपात जो बदल होतो, त्याला सामान्यरूप म्हणतात: ‘घर’चे ‘घरा’, ‘रस्ता’चे ‘रस्त्या’, ‘शाळा’चे ‘शाळे’. हिंदीतही असा बदल आहे, परंतु एकवचनात तो बहुतांशी आकारान्त पुल्लिंगी नामांपुरता मर्यादित असून तेथे अंत्य ‘आ’चा ‘ए’ होतो, म्हणून ‘रास्ता’चे ‘रास्ते पर’ होते; इतर नामे तशीच राहतात, म्हणून ‘घर में’. आता दोन्ही चुका शेजारी ठेवल्या, तर त्यांमागे एकच नियम दिसतो: शिकणाऱ्याने दोन्ही वेळा हिंदीचा नियम निष्ठेने पाळला आहे. या गटात ‘डबेमध्ये’, ‘बाजारमध्ये’, ‘झाडवर’ या नोंदीही येऊन बसतात, आणि विखुरलेल्या पाच चुकांच्या जागी शिकण्यासारखी एकच गोष्ट उरते.

‘भिंतावर’ ही नोंद मात्र या गटात घालणे चुकीचे ठरेल, जरी तीही सामान्यरूपाचीच असली तरी. हिंदीचा नियम लावला असता तर ‘भिंतवर’ असे रूप आले असते. येथे शिकणाऱ्याने ‘घरात’, ‘झाडावर’, ‘बाजारात’ ही रूपे ऐकून ‘व्यंजनाने संपणाऱ्या नामाला आ लावावा’ असा मराठीचाच नियम बांधला आणि तो स्त्रीलिंगी नामापर्यंत ताणला. याला अतिव्याप्ती म्हणतात, आणि ती प्रगतीची खूण आहे, म्हणून तिच्यासाठी उपाय वेगळा लागतो. अकारान्त पुल्लिंगी व नपुंसकलिंगी नामांचे सामान्यरूप आकारान्त होते. स्त्रीलिंगी अकारान्त नामांबाबत मात्र अनेकवचनाकडे पाहावे लागते. ज्यांचे अनेकवचन ‘आ’ने होते, त्यांचे सामान्यरूप बहुधा ‘ए’ने होते, जसे वाट, वाटा, वाटेवर किंवा खाट, खाटा, खाटेवर; ज्यांचे अनेकवचन ‘ई’ने होते, त्यांचे ‘ई’ने होते, जसे भिंत, भिंती, भिंतीवर. नियमाला अपवाद आहेत, आणि ‘चूक, चुका’ असूनही ‘चुकीमुळे’ असे म्हटले जाते. तरीही नवे स्त्रीलिंगी नाम त्याच्या अनेकवचनासह लिहून ठेवण्याची सवय अशा बहुसंख्य चुका आधीच टाळते.

‘मीने’चा गट लवकर निकालात निघतो. हिंदीतील ‘मैंने’चा तो साचा आहे, आणि मराठीत मी, आम्ही, तू, तुम्ही या चार सर्वनामांना कर्त्याच्या जागी ‘ने’ लागत नाही, तर ‘त्याने’, ‘तिने’ यांना लागतो, एवढे कळले की तो आटोक्यात येतो. ‘आवाज आली’, ‘दूध सांडला’, ‘पुस्तक चांगली आहे’ हा लिंगाचा गट मात्र कोणत्याही एका नियमाने संपत नाही. आवाज हिंदीत स्त्रीलिंगी आणि मराठीत पुल्लिंगी आहे, दूध हिंदीत पुल्लिंगी आणि मराठीत नपुंसकलिंगी आहे, आणि हिंदीत नपुंसकलिंगच नाही. म्हणून प्रत्येक नाम ‘थंडगार’सारख्या न बदलणाऱ्या विशेषणासोबत न शिकता ‘मोठा आवाज’, ‘ताजे दूध’ अशा लिंग दाखवणाऱ्या जोडीने शिकणे हाच मार्ग उरतो. या गटाची नोंद ठेवताना एक सावधगिरी हवी: बोलण्यातले ‘चांगलं पुस्तक’ आणि लेखनातले ‘चांगले पुस्तक’ ही दोन्ही रूपे योग्य आहेत, आणि त्यांतील फरक चूक म्हणून वहीत शिरला, तर गट फुगतो आणि निष्कर्ष बिघडतो.

कोणता गट आधी हाती घ्यायचा, हे चुकांच्या नुसत्या संख्येवरून ठरवणे फसवे असते. समजा, लिंगाच्या 12 चुका झाल्या आणि सामान्यरूपाच्या 8; परंतु त्याच लेखनात लिंग दाखवण्याची वेळ 60 वेळा आली असेल आणि एकवचनी नामाचे सामान्यरूप करण्याची वेळ 16 वेळाच, तर पहिल्या गटात पाचांत एक चूक आहे आणि दुसऱ्यात दोहोंत एक. शिवाय दुसरा गट एका नियमाने बराचसा सुधारतो, म्हणून श्रम प्रथम तेथेच घालावेत. यासाठी योग्य आलेली रूपेही मोजावी लागतात. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु एखाद्या पानभर लेखनावर महिन्यातून एकदा केले तरी पुरते.

या सर्व व्यवस्थेत एक उणीव राहते, आणि ती भाषाशास्त्रज्ञ जॅकलिन शॅक्टर यांनी 1974 मध्ये दाखवून दिली: शिकणारा जी रचना टाळतो, तिच्यात त्याच्या चुका दिसत नाहीत. हिंदीभाषक शिकणारा ‘मी इतके चालू शकत नाही’ असे नेहमी बिनचूक म्हणतो, आणि म्हणून ‘मला इतके चालवत नाही’ ही शक्यता दर्शवणारी मराठी रचना त्याच्या तोंडून कधीच येत नाही व वहीतही कधी उतरत नाही. ही पोकळी शोधण्यासाठी एखादा छोटा मराठी परिच्छेद वाचून, तो बंद करून, स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहावा आणि मग दोन्ही मजकूर ओळीने ताडून पाहावेत. मूळ लेखकाने वापरलेल्या परंतु आपण वळसा घालून टाळलेल्या रचना वहीच्या शेवटच्या पानांवर वेगळ्या लिहाव्यात, आणि पुढच्या महिन्यात त्यांतील एखादी मुद्दाम वापरून पाहावी, म्हणजे तिच्यातल्या चुका प्रथमच नोंदीला येतील.