चित्रफितीखालचा मजकूर



निधीसाठी चित्रफीत काढायची ठरली की कार्यकर्त्यांची सारी धावपळ कॅमेरा आणि गाण्यापाशी होते. तिच्याखालचा मजकूर शेवटी कोणीतरी दोन ओळींत उरकून टाकतो. माझ्या मते तो आधी लिहावा. यूट्यूबवर चढवलेल्या चित्रफितीच्या जागी त्याच पत्त्यावर दुसरी ठेवता येत नाही. खालचा मजकूर मात्र केव्हाही बदलता येतो. म्हणून जमा रक्कम, झालेला खर्च, मुदत या बदलत्या गोष्टी मजकुरातच असाव्यात. कालचा मजकूर काय होता हे पाहणाऱ्याला दिसत नाही, तेव्हा प्रत्येक आकड्यापुढे तारीख हवी.

पडद्यावर प्रथम सुरुवातीच्या थोड्याच ओळी दिसतात. तिथे ‘मुलांच्या उज्ज्वल भवितव्यासाठी’ लिहिले तर वाचणाऱ्याला काय कळणार? समजा, आमगावला अभ्यासिका काढायची आहे. मग लिहावे: ‘अभ्यासिकेसाठी १,५०,००० रुपये हवेत. टेबल-खुर्च्या ६०,०००, पुस्तके ५०,०००, पंखे व दिवे २५,०००, वर्षभराचे वीजबिल १५,०००.’ याखाली आणखी एक ओळ हवी, जी बहुतेक जण लिहीत नाहीत. पैसे कमी पडले तर आधी काय घेणार, आणि उरले तर कुठे वापरणार? ही ओळ नसली की उरलेल्या रकमेवरूनच पुढे तंटे होतात.

आता खातरजमेचे. संस्थेचे पूर्ण नाव व नोंदणी क्रमांक द्यावा, म्हणजे धर्मादाय आयुक्तांच्या charity.maharashtra.gov.in या संकेतस्थळावर किंवा त्यांच्या कार्यालयात नोंद पाहता येते. आपल्याकडे एक खोच आहे. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्याआधीच्या संस्थांच्या क्रमांकात ‘भंडारा’ असू शकते. पुण्या-मुंबईचा देणगीदार ते पाहून शंका घेतो. म्हणून कारण तिथेच लिहून टाकावे.

पण नोंदणी खरी म्हणजे चित्रफीत खरी, असे नव्हे. लबाड माणूस चित्रफीत आणि क्रमांक दोन्ही उचलतो व क्यूआर कोड तेवढा स्वतःचा लावतो. बँकेतला माणूस म्हणून सांगतो, एनईएफटीचे पैसे खाते क्रमांकावर जमा होतात. पाठवणाऱ्याने लिहिलेले नाव त्यात जुळवले जात नसे. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार १ एप्रिल २०२५ पासून पैसे पाठवण्यापूर्वी खातेदाराचे नाव पाहण्याची सोय बँकांनी द्यायची आहे. ते नाव संस्थेचेच हवे. अध्यक्षांचे किंवा खजिनदारांचे नको. बँकेत नाव आखूड नोंदले असेल, तर मजकुरात लिहावे: ‘पैसे पाठवताना पडद्यावर अमुक नाव दिसेल. दुसरे दिसल्यास पाठवू नका, संस्थेच्या कार्यालयात विचारा.’ कार्यालयाचा फोनही त्याच चित्रफितीवरून न घेता ओळखीच्या सभासदाकडून घ्यावा.